हुकलेली परीक्षा आणि तारखांचा हिशेब

लांबलेल्या आजारपणामुळे परीक्षा हुकली की विद्यार्थी प्राध्यापकांना जो ई-मेल लिहितो, तो दिसायला पत्र असला तरी काम अर्जाचे करतो. प्राध्यापक तो वाचतात, त्यावर एखादी ओळ लिहितात आणि विभागप्रमुखांकडे किंवा परीक्षा विभागाकडे पाठवतात. तिथून त्याची छापील प्रत फाइलला लागते आणि फेरपरीक्षा द्यायची की नाही, हे ठरवणारी माणसे ती फाइल उघडतात. त्यांनी त्या विद्यार्थ्याचा चेहराही पाहिलेला नसतो. त्यांच्यासमोर ई-मेल, त्याला जोडलेले दवाखान्याचे कागद, परीक्षेचे वेळापत्रक आणि हजेरीपत्रक एवढेच असते. या चार गोष्टींतल्या तारखा एकमेकींशी जुळतात का, हे पाहणे हेच त्यांचे मुख्य काम.

ही गोष्ट बहुतेक विद्यार्थ्यांच्या लक्षात येत नाही. ताप किती होता, अशक्तपणा किती आला, आई किती रडली, याचे वर्णन दोन-दोन परिच्छेद चालते आणि कोणत्या तारखेचा कोणता पेपर हुकला, हे शेवटपर्यंत कळत नाही. प्राध्यापकांना वाईट वाटते, पण फाइलवर लिहिण्यासारखे त्यांच्या हाती काही लागत नाही.

प्राध्यापकांच्या हातात नेमके काय असते, हे आधी पाहायला हवे. महाराष्ट्रातल्या बहुतेक विद्यापीठांत एका विषयाचे गुण दोन भागांत येतात. एक भाग कॉलेजच्या पातळीवरच्या अंतर्गत मूल्यमापनाचा, म्हणजे चाचण्या, प्रकल्प आणि जर्नलचा. विद्यार्थ्यांच्या तोंडी त्याला ‘इंटर्नल’ म्हणतात. दुसरा भाग सत्राच्या शेवटच्या लेखी परीक्षेचा. अंतर्गत चाचणी पुन्हा घेण्याबाबत विषयाचे प्राध्यापक शिफारस करू शकतात आणि परवानगी मिळाली की चाचणी तेच घेतात. विद्यापीठाने घेतलेली सत्रान्त परीक्षा हुकली, तर तिथे प्राध्यापकांचे काही चालत नाही. तो विषय राहतो आणि पुढच्या वेळी द्यावा लागतो. म्हणून ‘सर, तुम्हीच काहीतरी करा’ या विनंतीला अंतर्गत चाचणीपुरता अर्थ आहे.

त्यातही मुदत असते. मुंबई विद्यापीठात श्रेयांक आणि सत्र पद्धतीबरोबर जे नियम आले, त्यांत अंतर्गत चाचणीला गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याने परीक्षा संपल्यापासून आठ दिवसांच्या आत, कारण आणि कागदपत्रांसह, संस्थाप्रमुखांकडे अर्ज करावा असे म्हटले होते. त्या नियमाची भाषाही पाहण्याजोगी आहे. विद्यार्थी राज्य पातळीवरच्या क्रीडास्पर्धेला किंवा एनएसएसच्या शिबिराला गेला असेल, तर संस्थाप्रमुखांनी सामान्यतः परवानगी द्यावी. इतर कारणांसाठी, त्यात आजारपणही आले, कागदपत्रांची छाननी करून परवानगी देता येईल. कबड्डीपटूपेक्षा आजारी मुलाचे कागद जास्त बारकाईने पाहिले जातात ते असे. इतर विद्यापीठांच्या आणि स्वायत्त महाविद्यालयांच्या मुदती वेगळ्या असतात आणि त्या माहितीपत्रकात किंवा परीक्षा विभागाच्या सूचनेत छापलेल्या असतात. मुदत कुठेही फार मोठी नसते, कारण अंतर्गत गुण ठरावीक तारखेपर्यंत विद्यापीठाच्या पोर्टलवर भरायचे असतात. ती तारीख टळली की ‘गैरहजर’ हा शेरा बदलण्यासाठी प्राचार्यांमार्फत विद्यापीठाशी पत्रव्यवहार करावा लागतो आणि तो सहजी होत नाही.

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. ते कल्पित आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये कोणत्याही कॉलेजात घडेल असे आहे. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी. 18 जुलैला तिला ताप आला. 19 तारखेला घराजवळच्या डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या दिल्या. ताप उतरेना, उलट रोज संध्याकाळी चढू लागला. 23 जुलैला तिला रुग्णालयात दाखल केले, रक्ताचे कल्चर झाले आणि टायफॉइडचे निदान झाले. जुनी माणसे ज्याला मुदतीचा ताप म्हणत, तोच हा. 30 जुलैला तिला घरी सोडले आणि डिस्चार्ज कार्डावर दोन आठवडे विश्रांती लिहिली, म्हणजे 12 ऑगस्टपर्यंत. 4 ते 7 ऑगस्ट या काळात कॉलेजात तीन विषयांच्या अंतर्गत चाचण्या झाल्या. त्या हुकल्या.

13 आणि 14 ऑगस्टला ती कॉलेजला गेली. 16 तारखेला ताप पुन्हा आला. टायफॉइडमध्ये हे घडते. औषधांनी ताप उतरल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांनी काही रुग्णांमध्ये तो उलटतो आणि प्रतिजैविकांचा कोर्स पुन्हा करावा लागतो. 18 ऑगस्टला तिने ओपीडीत दाखवले. या वेळी दाखल करावे लागले नाही, पण 31 ऑगस्टपर्यंत, म्हणजे 14 दिवस, विश्रांती सांगितली गेली. 22 ऑगस्टची प्रात्यक्षिक चाचणी त्यात गेली. 1 सप्टेंबरला ती कॉलेजात हजर झाली.

असे विद्यार्थी बहुधा 1 सप्टेंबरलाच ई-मेल लिहायला बसतात. आधी बरे होऊ, सगळे कागद गोळा करू, मग एकदाच नीट कळवू, असा त्यामागचा विचार असतो. तो समजण्यासारखा असला तरी महाग पडतो. आठ दिवसांचा नियम धरला तर 7 ऑगस्टला संपलेल्या चाचण्यांसाठीची मुदत 15 ऑगस्टलाच सरते. 1 सप्टेंबरपर्यंत गुण भरलेही गेले असतील. शिवाय परीक्षेनंतर तीन आठवड्यांनी आलेले आजारपण आणि परीक्षेच्या आधी कळवलेले आजारपण यांत वाचणाऱ्याच्या मनात फरक पडतोच. पहिल्यावर शंका येते, दुसऱ्यावर सहसा येत नाही.

म्हणून लांबलेल्या आजारात एकच मोठा ई-मेल लिहिण्याऐवजी एकाच साखळीतले दोन-तीन छोटे ई-मेल पाठवणे बरे. या विद्यार्थिनीने पहिला ई-मेल 1 ऑगस्टला, चाचण्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, पाठवायला हवा. त्यात चार ओळी पुरतात: टायफॉइडमुळे 23 ते 30 जुलै दाखल होते, 12 ऑगस्टपर्यंत विश्रांती सांगितली आहे, त्यामुळे 4 ते 7 ऑगस्टच्या चाचण्यांना बसता येणार नाही, सोबत डिस्चार्ज कार्ड जोडले आहे. अंगात त्राण नसेल तर हा ई-मेल आई-वडिलांनी किंवा भावंडाने पाठवला तरी चालतो. मात्र तो विद्यार्थिनीच्या पत्त्यावरून जावा आणि कोण लिहिते आहे ते स्पष्ट असावे. दुसरा ई-मेल 20 ऑगस्टला, ताप उलटल्याचे आणि 22 तारखेच्या प्रात्यक्षिकाला येता येणार नसल्याचे सांगणारा. तो पहिल्याच ई-मेलला ‘रिप्लाय’ करून पाठवायचा, म्हणजे आधीची तारीख आपोआप त्याच्या खाली राहते. पुढे कोणी ‘तुम्ही कळवलेच नव्हते’ म्हणाले, तर हीच साखळी उत्तर देते. तिसरा ई-मेल 1 सप्टेंबरचा, पूर्ण कागदपत्रांसह. फेरचाचणीची विनंती खऱ्या अर्थाने त्यात असते.

जिथे नियम संस्थाप्रमुखांकडे अर्ज करा असे सांगतो, तिथे प्राध्यापकांना पाठवलेल्या ई-मेलने मुदत पाळली असे होतेच असे नाही. पहिल्याच ई-मेलची प्रत प्राचार्यांच्या किंवा परीक्षा विभागाच्या अधिकृत पत्त्यावर गेली, तर हा वाद उरत नाही. काही कॉलेजांना पालकांच्या सहीचा छापील अर्जच लागतो. तो नंतर दिला तरी ई-मेलची तारीख त्याच्या मदतीला येते.

तिसऱ्या ई-मेलचा मजकूर साधारण असा असावा.

विषय: हुकलेल्या अंतर्गत चाचण्या (4 ते 7 ऑगस्ट) व प्रात्यक्षिक (22 ऑगस्ट), फेरचाचणीसाठी विनंती, एसवायबीएस्सी रोल नंबर 47

आदरणीय सर,
सविनय नमस्कार.
टायफॉइडमुळे मी 4 ते 7 ऑगस्टच्या तीन अंतर्गत चाचण्या आणि 22 ऑगस्टची प्रात्यक्षिक चाचणी देऊ शकले नाही. याबाबत 1 आणि 20 ऑगस्टला आपल्याला कळवले होते; ते दोन्ही ई-मेल खाली आहेत.
मी 23 ते 30 जुलै रुग्णालयात दाखल होते आणि त्यानंतर 12 ऑगस्टपर्यंत घरी विश्रांती सांगितली होती. 13 व 14 ऑगस्टला मी कॉलेजला आले होते. 16 तारखेला ताप उलटला. डॉक्टरांनी 18 ते 31 ऑगस्ट पुन्हा विश्रांती सांगितली. आजपासून हजर राहण्यास त्यांनी परवानगी दिली आहे.
सोबत सहा पानांची एक पीडीएफ जोडली आहे. त्यात डिस्चार्ज कार्ड (पान 1 व 2), कल्चर रिपोर्ट (3), 18 ऑगस्टचा ओपीडी केसपेपर (4), विश्रांतीचे प्रमाणपत्र (5) आणि फिटनेस प्रमाणपत्र (6) आहे. मूळ कागद माझ्याजवळ आहेत. आपण सांगाल तेव्हा दाखवायला घेऊन येते.
या चारही चाचण्या पुन्हा देण्याची परवानगी मिळावी, ही विनंती. आपण आणि विभाग ठरवाल त्या दिवशी मी हजर राहीन.
आपली विद्यार्थिनी

खाली पूर्ण नाव, वर्ग, तुकडी, रोल नंबर, विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक आणि मोबाइल नंबर.

या मजकुरातले एक वाक्य अनेकांना अनावश्यक, कदाचित अडचणीचेही वाटेल: ‘13 व 14 ऑगस्टला मी कॉलेजला आले होते.’ खरे तर सगळ्या ई-मेलला आधार देणारे वाक्य तेच आहे. ते गाळले आणि ‘जुलैपासून ऑगस्टअखेर आजारी होते’ असे सरसकट लिहिले, तर हजेरीपत्रकातल्या त्या दोन दिवसांच्या सह्या ई-मेलला खोटे पाडतात. परीक्षा विभागातला अनुभवी कारकून हजेरीपत्रक उघडतो आणि त्याला आधी या दोन सह्याच दिसतात. तिथून पुढे खऱ्या कागदांकडेही तो संशयाने पाहतो. उलट विद्यार्थिनीने स्वतःच ते दोन दिवस सांगितले आणि पुढच्या वाक्यात ताप उलटल्याचे सांगितले, तर दोन वेगवेगळ्या आजारपणांसारखे दिसणारे प्रकरण एकाच आजाराचे म्हणून समजते.

विनंतीचे वाक्यही नेमके आहे. ‘माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीने विचार व्हावा’ असे लिहिले की वाचणाऱ्याला काय करायचे ते कळत नाही. ‘सरासरी गुण द्यावेत’ असे लिहिले की नियमात नसलेली गोष्ट मागितली जाते आणि अर्ज तिथेच थांबतो. फेरचाचणी ही नियमात बसणारी मागणी आहे आणि तेवढीच मागावी. काही विभाग चाचणीऐवजी प्रकल्प किंवा स्वाध्याय देतात, पण तो पर्याय विभागाने सुचवावा हे बरे.

ई-मेल कोणाला पाठवायचा, हाही प्रश्न असतोच. तीन चाचण्या तीन विषयांच्या असतील, तर तीन प्राध्यापकांना तीन वेगळे ई-मेल पाठवण्यापेक्षा वर्गशिक्षकांना किंवा विभागप्रमुखांना उद्देशून एक ई-मेल लिहावा आणि बाकीच्यांना त्याची प्रत द्यावी. प्रत्येकाला वेगळे लिहिले की तारखांत बारीक फरक पडतात, आणि फाइलमध्ये ते सगळे ई-मेल एकत्र येतात तेव्हा ते फरक दिसतात. कॉलेजने दिलेला ई-मेल पत्ता असेल तर तोच वापरावा. शाळेत असताना गमतीने काढलेल्या टोपणनावाच्या पत्त्यावरून आलेला ई-मेल प्राध्यापकांना ओळखू येत नाही आणि बऱ्याचदा ‘स्पॅम’मध्ये पडून राहतो. भाषा मराठी असावी की इंग्रजी, याची चिंता करण्याचे कारण नाही. जी भाषा विद्यार्थ्याला चुका न करता लिहिता येते ती चालते. चुकीच्या इंग्रजीत ‘आजारी होतो’ आणि ‘आजारी आहे’ यांतला फरक हरवतो, आणि या ई-मेलमध्ये नेमका तोच फरक महत्त्वाचा असतो.

आता कागदांकडे येऊ. बहुतेक अर्ज फसतात ते इथे.

रुग्णालयात दाखल झालेल्या विद्यार्थ्याकडे डिस्चार्ज कार्ड असते. त्यावर दाखल झाल्याची आणि सोडल्याची तारीख, निदान, दिलेले उपचार आणि घरी गेल्यावर काय करायचे याचा सल्ला असतो. कॉलेजच्या दृष्टीने याहून भक्कम कागद नाही, कारण तो उपचार चालू असताना तयार झालेला असतो. परीक्षेसाठी म्हणून तो कोणी मागून घेतलेला नसतो. मात्र त्याची हद्द ओळखायला हवी. डिस्चार्ज कार्ड दाखल असलेल्या दिवसांचा पुरावा देते. घरच्या विश्रांतीचा पुरावा त्यातल्या सल्ल्याच्या ओळीत असतो. ‘2 आठवडे विश्रांती’ ही ओळ नसेल, तर 30 जुलैला सोडलेली मुलगी 4 ऑगस्टच्या चाचणीला का आली नाही, याचे उत्तर कागदावर नाही. म्हणून घरी सोडतानाच ती ओळ आहे का ते पाहून घ्यावे आणि नसेल तर तेव्हाच लिहून घ्यावी. महिन्याभराने त्यासाठी पुन्हा रुग्णालयात जाणे जिवावर येते आणि तोवर उपचार करणारे निवासी डॉक्टर बदललेले असतात.

कार्ड हरवले तरी वाट बंद होत नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेचे 2002 चे भारतीय नियम दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवायला सांगतात. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने नोंदी मागितल्या, तर 72 तासांच्या आत द्यायलाही सांगतात. लेखी अर्ज करून त्याची पोच घेतली की काम सहसा होते.

वैद्यकीय प्रमाणपत्र हा दुसरा कागद. त्याचा नमुना त्याच 2002 च्या नियमांना जोडलेल्या परिशिष्टात दिलेला आहे. त्यात रुग्णाची सही किंवा अंगठा, शरीरावरची ओळखखूण, आजाराचे नाव, किती दिवस आणि कोणत्या तारखेपासून गैरहजर राहणे आवश्यक आहे, आणि डॉक्टरांची सही असते. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक प्रमाणपत्रावर लिहिणे, दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंदवही ठेवणे आणि प्रत जपणे हेही नियमात आहे. प्रत्यक्षात लेटरहेडवर तीन ओळी लिहून दिल्या जातात. त्यात रुग्णाची सही नसते आणि ओळखखूण तर कोणी विचारतही नाही. अशी प्रमाणपत्रे कॉलेजे चालवून घेतात, पण अर्ज अडवायचा असेल तर त्यात हवी तेवढी कारणे सापडतात. प्रमाणपत्र घेताना निदान चार गोष्टी त्यावर आहेत का ते पाहावे: रुग्णाचे नाव कॉलेजच्या ओळखपत्राप्रमाणे, ‘पासून-पर्यंत’च्या तारखा, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि प्रमाणपत्र दिल्याची तारीख.

शेवटची तारीख सगळ्यांत जास्त बोलते. समजा, प्रमाणपत्र 1 सप्टेंबरला दिलेले आहे आणि त्यात ‘18 जुलै ते 31 ऑगस्ट माझ्या उपचाराखाली होती’ असे लिहिले आहे. सही करणारे डॉक्टर मात्र घराजवळचे आहेत आणि त्यांनी तिला 19 जुलैला एकदाच पाहिलेले आहे. डिस्चार्ज कार्ड दुसऱ्याच रुग्णालयाचे आहे. आजार खरा, मुलगी खरी, पण हा कागद चुकीचा. ज्या काळात आपण रुग्णाला तपासलेच नाही त्या काळाबद्दल डॉक्टरला प्रमाणपत्र देता येत नाही, आणि खोटे किंवा दिशाभूल करणारे प्रमाणपत्र दिल्यास त्याचे नाव नोंदणीतून काढले जाऊ शकते, असे तेच नियम सांगतात. विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर असा कागद जोडल्याने खरे कागदही झाकोळतात. त्यापेक्षा दोन डॉक्टरांची दोन तुकड्यांतली प्रमाणपत्रे बरी. ज्याने ज्या काळात पाहिले त्याने तेवढेच लिहावे. मधल्या 15, 16 आणि 17 ऑगस्टला कागद नसेल तर नसू दे. त्या दिवसांत कोणतीही परीक्षा नव्हती.

संशय आला तर कॉलेज काय करते, हेही सांगण्यासारखे आहे. आधी तारखा एकमेकींसमोर मांडल्या जातात. मग नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत त्याच नावाचा आहे का, ते पाहिले जाते. होमिओपॅथी आणि आयुर्वेदाच्या डॉक्टरांच्या परिषदा वेगळ्या असल्याने त्यांचे क्रमांक तिथे सापडत नाहीत. त्यांची प्रमाणपत्रे चालतात की नाही, हे कॉलेजच्या सूचनेतच पाहावे लागते. शेवटी रुग्णालयाला फोन जातो. दाखल झालेल्या रुग्णाचा नोंदणी क्रमांक डिस्चार्ज कार्डावर असतो, त्यामुळे तो फोन दोन मिनिटांत संपतो. लेटरहेडवरच्या प्रमाणपत्राचा फोन मात्र लांबतो.

टायफॉइडच्या बाबतीत एक खास अडचण आहे. आपल्याकडे या आजारासाठी विडाल ही रक्ततपासणी सर्रास होते आणि तिचा ‘पॉझिटिव्ह’ रिपोर्ट मुले मोठ्या विश्वासाने जोडतात. वैद्यकीयदृष्ट्या ही तपासणी कच्ची आहे. पूर्वी होऊन गेलेल्या संसर्गामुळे किंवा दुसऱ्याच तापातही ती सकारात्मक येऊ शकते. रक्ताचे कल्चर तिच्यापेक्षा कितीतरी भरवशाचे. प्राध्यापकांना यातले काही ठाऊक असण्याचे कारण नाही, पण विज्ञान शाखेत असा प्रश्न विचारणारे कोणी ना कोणी निघतेच. कल्चर झाले असेल तर त्याचा रिपोर्ट जोडावा. झाले नसेल तर डिस्चार्ज कार्डावरचे निदान पुरते. विडालचा एकटा कागद आजाराचा पुरावा म्हणून पुढे करू नये.

सगळे कागद जोडण्याचा मोहही आवरायला हवा. आठ दिवसांच्या मुक्कामात रक्ताचे दहा रिपोर्ट होतात, औषधांची बिले होतात, विम्याच्या दाव्याचे फॉर्म होतात. पंचवीस पानांचा गठ्ठा आला की वाचणारा पहिले पान पाहतो आणि बाकी चाळतो. नेमके विश्रांतीच्या तारखांचे पान सतराव्या क्रमांकावर असते. विम्याच्या फॉर्मवर तर आधार क्रमांक, पॉलिसी क्रमांक, कधी बँक खातेही असते. हा ई-मेल पाच-सहा जणांकडे फिरणार आहे, हे लक्षात ठेवून ती पाने काढूनच टाकावीत.

आजार टायफॉइड असेल तर निदान सांगायला कोणी लाजत नाही. काही आजारांत तसे नसते. मानसिक आजार असेल, तर 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. एचआयव्हीबाबत त्याच वर्षीचा स्वतंत्र कायदा सांगतो की कोणालाही आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही. अशा वेळी ई-मेलमध्ये ‘वैद्यकीय कारण’ एवढेच लिहून तारखा द्याव्यात आणि कागद बंद लिफाफ्यात प्राचार्यांना प्रत्यक्ष दाखवावेत. डॉक्टरांनाही प्रमाणपत्रात निदानाऐवजी ‘उपचार व विश्रांतीची आवश्यकता’ एवढेच लिहिण्याची विनंती करता येते. त्या कोऱ्या जागेमुळे एखादे कॉलेज अडून बसले, तर प्राचार्यांशी समोरासमोर बोलणे भाग पडते.

कागद पाठवण्याची तांत्रिक बाजू थोडक्यात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने पलंगावर ठेवून काढलेले फोटो जोडू नयेत. त्यात सावली पडते, शिक्का वाचता येत नाही आणि एकेक फोटो तीन-चार एमबीचा होतो. जीमेलवर जोडपत्रांची मर्यादा 25 एमबी आहे. ती ओलांडली की फाइल ड्राइव्हवर जाते आणि प्राध्यापकांना फक्त लिंक मिळते. ती उघडायला परवानगी लागली तर ई-मेल तसाच पडून राहतो. आयफोनच्या `.heic` फोटोंची तऱ्हा आणखी वेगळी. कॉलेजच्या जुन्या संगणकावर ते बऱ्याचदा उघडतच नाहीत. मोबाइलमधल्या स्कॅनरने सहा पानांची एकच पीडीएफ करावी, शिक्का आणि नोंदणी क्रमांक स्वच्छ वाचता येतो का ते मोठे करून पाहावे आणि फाइलला `Roll47_Medical_1Sept.pdf` असे नाव द्यावे. `scan0003.pdf` नावाच्या फायली प्राध्यापकांच्या संगणकात आधीच पन्नास असतात.

उत्तर आले नाही तर चार-पाच कामाचे दिवस थांबून त्याच साखळीत एक ओळ लिहावी, आणि त्यानंतर मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष भेटावे. रोज आठवण करून देणारे ई-मेल किंवा रात्री अकराला सरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला प्रमाणपत्राचा फोटो यांनी काम पुढे सरकत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा कागद फाइलला लागत नाही, हे त्याचे साधे कारण.

या विद्यार्थिनीच्या कागदांत कुठेही छिद्र नाही. 4 ते 7 ऑगस्ट हे दिवस डिस्चार्ज कार्डावरच्या विश्रांतीत बसतात, 22 ऑगस्ट दुसऱ्या प्रमाणपत्रात बसतो, आणि कळवल्याच्या तारखा दोन्ही वेळा परीक्षेच्या आधीच्या आहेत. फेरचाचणीची शिफारस करायला विभागाला यापेक्षा जास्त काही लागत नाही.

तिचा एक प्रश्न मात्र या ई-मेलने सुटत नाही. सत्रात साधारण 90 दिवस शिकवणे होते आणि 75 टक्के हजेरीसाठी त्यांतले 68 दिवस भरावे लागतात. आजारपणात तिचे सुमारे 30 कामाचे दिवस गेले, म्हणजे इथून पुढे एकही दिवस न चुकवता ती 60 पर्यंतच पोहोचेल. कमी पडलेली हजेरी माफ करण्याचा अधिकार प्राध्यापकांना नसतो. त्यासाठी प्राचार्यांच्या नावे वेगळा अर्ज करावा लागतो आणि त्याला याच सहा पानांच्या प्रती जोडाव्या लागतात. तो अर्ज सत्र संपायच्या आत, सत्रान्त परीक्षेला बसू न देणाऱ्यांची यादी लागण्यापूर्वी, कार्यालयात द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.